वर्धा अपडाउनसाठी हेडफोन घेताना आधी कानाजवळची फट बघा

नागपूर-वर्धा रोज अपडाउन करणाऱ्यांनी हेडफोन घ्यायच्या आधी एक हिशोब करून बघा. मी केला आणि त्याच्यामुळेच ह्या विषयात एवढी खोलात शिरले. आमचा डबा साधा, एसी नाही, खिडक्या उघड्या. गाडीने स्पीड घेतला की मोबाईलच्या ॲपवर आवाज ८० ते ८५ डेसिबल दाखवतो. हे ॲप काही प्रयोगशाळेचं मशीन नाही पण अंदाज येतो. आता ह्या आवाजात कुणाचं बोलणं नीट ऐकायचं, म्हणजे बातम्या, पॉडकास्ट, ऑडिओबुक, तर कानातला आवाज त्याच्यावर न्यावाच लागतो, म्हणजे साधारण ९० च्या घरात. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो, पण दर ३ डेसिबल वाढले की वेळ अर्धा होतो, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, आणि ९० ला आठवड्याचे फक्त ४ तास. माझं जाणं-येणं मिळून दिवसाचे तीन तास गाडीत जातात. म्हणजे मंगळवारीच आठवड्याचा कोटा संपला, आणि शनिवारपर्यंत गाडी तर रोजच आहे.

म्हणून मला नॉइज कॅन्सलिंगवाला हेडफोन पाहिजे होता. गाणी भारी वाजावी हा हेतूच नव्हता, आवाज कमी ठेवूनही बोलणं समजावं एवढंच पाहिजे होतं. हे आधी पक्कं केलं ते बरं झालं, काहून की दुकानात गेल्यावर सगळे बेसबद्दलच बोलून राहिले होते.

सुरुवात मावसभावाच्या हेडफोनने झाली. त्याच्याकडे डोक्यावरचा मोठा आहे, पूर्ण कान झाकणारा, वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास. "ताई, तू एक आठवडा वापरून बघ, मग ठरव" म्हणून त्याने देऊन टाकला. घरी लावून बघितला, कूलर सुरू होता, बटण दाबलं आणि कूलरचा घूंऽऽ एकदम गायब, नुसती पाण्याची आणि हवेची बारीक सळसळ उरली. मी खरंच बघत राहिले. पण दुसऱ्या दिवशी गाडीत तोच हेडफोन, तेच सेटिंग, आणि फरक निम्माही नाही. चाकांची घरघर थोडी दबली पण जाईना. मला वाटलं गाडीचा आवाजच कूलरपेक्षा खूप मोठा असेल. पण कारण दुसरंच होतं आणि ते खिडकीबाहेर बघता बघता सापडलं. उन्हाचा चटका लागत होता म्हणून मी चष्मा काढून डोळे मिटले आणि त्याच क्षणी घरघर खाली गेली. चष्मा घातला की परत वर. काढला की खाली. घरी संध्याकाळी मी चष्म्याशिवाय बसले होते, तेवढाच फरक.

इथे थोडं समजून घ्यावं लागतं की हे काम कसं करतं. हेडफोनच्या बाहेरच्या अंगाला बारीक माइक असतात, ते बाहेरचा आवाज पकडतात, आतली चिप त्या आवाजाच्या बरोब्बर उलट लाट तयार करते आणि स्पीकरमधून कानात सोडते, एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खड्ड्यावर बसला की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. चांगल्या हेडफोनमध्ये कपाच्या आतही माइक असतो, तो काय उरलं ते ऐकून दुरुस्ती करत राहतो. हे सगळं जमतं ते खालच्या, जाड, एकसारख्या आवाजाला. इंजिनाची घरघर, चाकांचा गडगडाट, पंख्याचा घूं. १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिच्या उलट लाट बसवायला चिपकडे भरपूर वेळ असतो. पण ३००० हर्ट्झला लाट ११ सेंटिमीटरची, तिथे सेकंदाच्या इवल्याशा भागाचा उशीर झाला तरी उलट लाट चुकीच्या जागी पडते. म्हणून साधारण १००० हर्ट्झच्या वरती ही युक्ती दमते आणि तिथून पुढे आवाज अडवायचं काम गादी किंवा रबराच्या टिपचंच असतं.

आणि चष्म्याची काडी काय करते तर कानाच्या वर गादी आणि कातडीच्या मध्ये एक लहानशी फट ठेवते. फटीतून सगळ्यात आधी आत शिरतो तो खालचाच आवाज, म्हणजे जो चिपने मारायचा असतो तोच. वरून चिपने तयार केलेली उलट लाटही त्याच फटीतून बाहेर गळते. दोन्हीकडून नुकसान. खोक्यावर ४५ डेसिबल, ५० डेसिबल असं जे छापलेलं असतं ना, तो आकडा एखाद्या ठराविक फ्रिक्वेन्सीला मिळालेला जास्तीत जास्त असतो आणि तोही फट नसताना. माझ्या चष्म्यासोबत तो आकडा कुणी मोजलेला नाही.

मला वाटायचं की आराम आणि नॉइज कॅन्सलिंग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, थोडं इकडे थोडं तिकडे असं तोलून घ्यायचं. तसं नाहीये. फट बुजवायची तर हेडफोनने डोक्याला घट्ट धरलं पाहिजे, आणि घट्ट धरलं की चष्म्याची काडी कानाच्या मागच्या हाडावर दाबली जाते. पहिली दहा मिनिटं काहीच वाटत नाही. बुटीबोरी जाईपर्यंत ठीक होतं, मग सिंदीच्या आसपास एक बारीक कळ सुरू व्हायची आणि सेवाग्राम येईपर्यंत मी हाताने कप उचलून धरत होते. उचलून धरला की फट, फट झाली की घरघर परत. म्हणजे जिथे आराम गेला तिथे कॅन्सलिंग पण गेलं, दोघं हातात हात घालून जातात. कानातले लोंबते डूल असले तर आणखीनच दाबतात, ते मी त्या आठवड्यात घातलेच नाही.

आणि मग नागपूरचा एप्रिल. हे पुण्या-मुंबईचे रिव्ह्यू बघून कळत नाही. दुपारी परत येताना उघड्या खिडकीतून हवा नाही, झळा येतात. त्या रेक्झिनसारख्या गादीच्या आत कान शिजून निघतो. अर्ध्या तासात घामाने गादी ओली, मग ती कातडीला चिकटते, मग सारखी काढघाल. घामाने ते वरचं आवरण पुढे सोलून निघतं हेही मावसभावानेच दाखवलं, त्याच्या डाव्या गादीचे पापुद्रे निघून राहिले होते. कापडी गादी बदलून मिळते, तिच्यात हवा खेळते, पण जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो. डोक्यावरचा हेडफोन वाईट असतो असं मी अजिबात म्हणत नाहीये. ज्याला चष्मा नाही आणि जो एसी डब्यात किंवा एसी बसमध्ये बसतो त्याने खुशाल घ्यावा, बॅटरी तीस-तीस तास चालते आणि कानाच्या आत काही घालावं लागत नाही. आमच्या डब्यासाठी तो नाही एवढंच.

मग इअरबड्स. एका रविवारी सीताबर्डीला गेले. पहिल्याच दुकानात दादाने खोकं समोर ठेवलं, "ताई, हा घ्या, ह्यात नॉइज कॅन्सलेशन हाये, बघा लिहिलेलं." खोक्यावर मोठ्या अक्षरात ईएनसी लिहिलं होतं. हे सगळ्यांनी नीट वाचा कारण ह्यात खूप लोक फसतात. ईएनसी म्हणजे तुम्ही फोनवर बोलता तेव्हा तुमच्या माइकमधला मागचा गोंधळ कमी करून समोरच्याला तुमचं बोलणं साफ ऐकवायचं, त्याने तुमच्या कानात शिरणारी घरघर कणभरही कमी होत नाही. तुमच्या कानासाठी पाहिजे ते एएनसी. एका अक्षराचा फरक आहे आणि स्वस्तातल्या कितीतरी खोक्यांवर नुसतं ईएनसीच असतं. दुकानदार मुद्दाम खोटं सांगत होता असं मला वाटलं नाही, त्यालाही तेवढंच माहीत होतं.

दुकानात तपासायचं कसं, ह्याचं उत्तर मला घरच्या कूलरने आधीच देऊन ठेवलं होतं. मी आधी गाडीचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून नेला होता, पण मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालची घरघर बाहेर येतच नाही, नुसती वरची खरखर ऐकू येते, त्यामुळे ती परीक्षाच उलटी होते, चांगला बडही नापास दिसतो. त्याच्यापेक्षा दुकानातल्या कूलरसमोर किंवा मोठ्या पंख्यासमोर उभं राहायचं, बड घालायचे, गाणं लावायचं नाही, आणि एएनसी चालू-बंद, चालू-बंद करून बघायचं. फरक स्पष्ट कळला पाहिजे. नाही कळला तर दोनच कारणं, एकतर बडमध्ये दम नाही किंवा टिप कानात बसलेली नाही, आणि दहातल्या बऱ्याच वेळा दुसरंच कारण असतं.

टिप बसली का हे कळायची सोपी खूण म्हणजे स्वतःशीच थोडं बोलून बघायचं, नाहीतर तोंड मिटून हंऽऽ करायचं. दोन्ही कान बंद झाले असतील तर आपलाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा जाड येतो. एका बाजूला घुमला आणि दुसऱ्या बाजूला नाही तर त्या दुसऱ्या कानात फट आहे. माझं तसंच झालं. उजव्या कानात मधली साइज बरोबर बसायची आणि डाव्या कानात तीच सैल. दोन कान सारखे नसतात हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. डावीकडे मोठी टिप लावली आणि एकदम डावीकडचा कूलर बंद पडला. खोक्यात लहान-मध्यम-मोठ्या अशा टिपा मिळतात त्या बहुतेक घरी तशाच पडून राहतात, त्या सगळ्या दोन्ही कानांत आळीपाळीने घालून बघा. काही कंपन्यांच्या ॲपमध्ये टिपची टेस्ट पण असते, ती मदत करते, पण माझ्या मते हंऽऽ जास्त खरं सांगतं. आणि घालताना विरुद्ध हाताने कान वर आणि मागे किंचित ओढायचा, बड आत ठेवून थोडासा फिरवायचा, मग कान सोडायचा. नुसता ढकलला की बसल्यासारखा वाटतो आणि खापरी यायच्या आत सैल होतो.

घ्यायच्या आधी एक विचारून ठेवा, उघडलेले इअरबड्स परत घेतात का. कानात घालायची वस्तू म्हणून बरेच जण परत घेत नाहीत, बिघडलं तरच बदलून देतात, आणि कान दुखतो हा बिघाड धरत नाहीत. मी तीन दुकानं फिरले ती ह्याच्यासाठीच, शेवटी जिथे डेमोचा पीस टिपा बदलून पाऊण तास घालून बसू दिलं तिथून घेतला. पाऊण तास काहून, तर माझी कळ सिंदीला सुरू होते, दोन मिनिटांत नाही. दुकानातच स्टुलावर बसून राहिले, चष्मा घालून, एक पॉडकास्ट पूर्ण ऐकला. लोक बघतात, बघू द्या.

आता गाडीतला अनुभव. जाड घरघर जवळजवळ गेली. त्याच्याहून महत्त्वाचं, आवाजाची पट्टी जी आधी साध्या वायरच्या इअरफोनवर शेवटून दुसऱ्या घरात असायची ती आता अर्ध्याच्या खाली असते आणि शब्द न् शब्द कळतो. मला जे पाहिजे होतं ते हेच. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, आणि वरच्या हिशोबात ४ तासांचे सरळ ४० तास होतात. म्हणजे माझा अख्खा आठवडा आरामात बसला.

काय जात नाही तेही सांगते, नाहीतर घेतल्यावर नाराज व्हाल. माणसांचे आवाज जात नाहीत. चहावाल्याची हाक, समोरच्या बाकावरच्या पत्त्यांच्या डावातली भांडणं, लहान मुलाचं रडणं, ब्रेकची किंचाळी, हे सगळं वरच्या फ्रिक्वेन्सीचं आणि अचानक येणारं, तिथे चिपला काही जमत नाही, जी काही अडवते ती टिप. उलट घरघर गेल्यामुळे गप्पा आधीपेक्षा जास्त स्पष्ट ऐकू येतात असं पहिल्या दिवशी वाटलं होतं, आणि ते खरंच आहे, त्यांना झाकणारा आवाजच निघून गेला ना. ह्याच्यावर मी फोमच्या टिपा लावल्या. त्या बोटांनी दाबून बारीक करायच्या, कानात घालायच्या, मग त्या हळूहळू फुगून कानाच्या आकाराच्या होतात. गप्पांचा आवाज बराच खाली गेला आणि कानाला टोचणं पण कमी झालं. पण त्या टिकत नाहीत, काही महिन्यांत मऊ पडतात, फुगत नाहीत, मग नवीन घ्याव्या लागतात. घ्यायच्या आधी आपल्या बडच्या नळीला बसतात का आणि घातल्यावर केसचं झाकण लागतं का ते बघून घ्या.

दुसरी गोष्ट खिडकी. खिडकीची जागा मिळाली की आधी आनंद व्हायचा, आता एएनसी लावून खिडकीत बसलं की वाऱ्याचा झोत सरळ बाहेरच्या माइकवर आदळतो, माइकला तो आवाजच वाटतो, आणि चिप त्याची उलट लाट कानात सोडते, म्हणजे जो आवाज कानापर्यंत आलाच नव्हता तो तयार करून ऐकवते. फडफड, भरभर असं काहीतरी. बड बिघडला असं समजू नका. काही बडमध्ये वाऱ्यासाठी वेगळं सेटिंग असतं, ते लावलं की बाहेरचे माइक दबून काम करतात, फडफड जाते पण घरघर थोडी परत येते. मी सरळ मधल्या जागेवर बसते किंवा वाऱ्याच्या उलट्या बाजूची खिडकी पकडते. चेहऱ्याला बांधलेल्या स्कार्फचंही असंच, कापड माइकवर घासलं की कानात खसखस, म्हणून स्टेशनला स्कूटी लावून स्कार्फ सोडल्यावरच बड कानात घालते.

गाडी चुकली तर गणेशपेठहून एसटी. तिथे इंजिनाची घरघर गाडीपेक्षा जास्त आणि एकसारखी, त्यामुळे एएनसी बसमध्ये जास्त छान चालतं, विशेषतः पुढच्या सीटवर. फक्त खड्ड्यात बस आपटली की कानात एक धप्प होतं, घट्ट बंद कानात हवा दाबली गेल्यासारखं. काहींना तर नुसतं एएनसी चालू केलं तरी कानात दडा बसल्यासारखं वाटतं, माझ्या मैत्रिणीला मळमळलं. तिच्या बडमध्ये कॅन्सलिंग कमी-जास्त करता येतं, ती आता मधल्या पायरीवर ठेवते आणि तिला ते जमतं. मला असं झालं नाही पण पाऊण तास बसून बघण्याचं हेही एक कारण आहे.

स्टेशनवर उतरताना आणि रूळ, रस्ता ओलांडताना मी बड काढून केसमध्येच टाकते. बाहेरचा आवाज ऐकवणारा मोड असतो आणि अनाउन्समेंटसाठी डब्यात बसल्या बसल्या तो चांगला आहे, पण मागून येणारं वाहन नेमकं कुठून येतंय हे त्याच्यात मला कानाइतकं नीट कळत नाही, म्हणून तिथे त्याच्यावर भरवसा ठेवत नाही.

उन्हाळ्याचं एक शेवटचं, आणि हे आपल्याकडे फार लागू आहे. बड आणि त्यांची केस दोन्हीत लिथियमची बॅटरी असते आणि पुष्कळ मॅन्युअलमध्ये ठेवण्याची मर्यादा ४५ अंश लिहिलेली असते. मे महिन्यात नागपूरची सावलीच तिथपर्यंत जाते, मग स्टँडवर दिवसभर तापलेल्या स्कूटीच्या डिक्कीत काय होत असेल बघा. सुट्टीच्या दिवशी बाजारात गेले तरी केस डिक्कीत ठेवत नाही, पर्समध्येच राहते. एका चार्जवर एएनसी लावून पाच-सहा तास चालतात, माझं जाणं-येणं त्यात निघतं, आणि बॅटरी जेवढी थंड राहील तेवढे दिवस ते निघत राहील. पावसाळ्यात मात्र कान ओलसर असले की घालत नाही, आधी कोरडे करते, टिपा रविवारी काढून कोमट साबणपाण्याने धुते आणि पूर्ण वाळल्यावरच लावते. फोमच्या धुवायच्या नसतात, त्या नुसत्या ओल्या फडक्याने पुसायच्या.